शेवटच्या अर्ध्या तासात एकच तवा

लग्नाला वर्ष झालं त्या दिवशी माझ्या भाच्यानं बायकोसाठी घरी स्वयंपाक करायचं ठरवलं. पनीरची ग्रेव्ही, जिरा राईस, पोळ्या, कांदाभजी आणि शेवटी गरम गुलाबजाम असा बेत होता. एकेक पदार्थ सुटा घेतला तर त्यात अवघड असं काही नव्हतं. ती साडेआठला ऑफिसातून आली, तेव्हा ग्रेव्ही बुडाला लागत होती, याचे हात कणकेत होते आणि भज्यांसाठी ठेवलेल्या तेलातून धूर निघत होता. तिनं पर्स ठेवली, हात धुतले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. दोघं जेवायला बसले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन आला, "मावशी, मला स्वयंपाक कधी जमणारच नाही का गं?"

त्याला स्वयंपाक बऱ्यापैकी जमला होता, चुकला होता तो बेत. त्यातल्या प्रत्येक पदार्थाला नेमक्या शेवटच्या अर्ध्या तासातच माणूस हवा होता. पोळी तव्यावरून ताटात गेली पाहिजे, भजी कढईतून, ग्रेव्ही ढवळत राहिली पाहिजे. चाळीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईलाही हे एकटीनं करताना धावपळ होते, आणि तीसुद्धा हे सगळं करून आपल्या माणसासमोर निवांत बसू शकत नाही. दोघांच्या जेवणात तर समोर बसणं हाच मुख्य पदार्थ असतो.

म्हणून पुढच्या शनिवारसाठी आम्ही दोघांनी फोनवर नवा बेत ठरवला. अट एकच ठेवली: जेवायला बसण्याआधीच्या अर्ध्या तासात लक्ष द्यावं लागेल असा एकच पदार्थ गॅसवर असावा. बाकीचं सगळं एक तर आधी होऊन गार राहणारं असावं किंवा झाकून ठेवलं तरी गरम राहणारं. या अटीत आपल्याच घरातले पाच पदार्थ छान बसले. केशर घातलेलं श्रीखंड, टोमॅटोचं सार, तोंडलीचा मसालेभात, खमंग काकडी आणि वांग्याचे काप. पोळ्या नाहीत. हे त्याला जड गेलं, "पोळ्यांशिवाय जेवण कसं?" असं तो दोनदा म्हणाला. पण मसालेभात हा पंगतीतला मानाचा भात आहे, तो ताटात मध्यभागी असला की पोळीची उणीव जाणवत नाही. आणि नवशिक्यानं सगळ्यात आधी सोडावी अशी गोष्ट पोळी आणि तळण हीच.

सुरुवात आदल्या रात्री होते. बाजारात तयार चक्का मिळतो आणि तो आणला तरी बिघडत नाही, पण घरी टांगलेल्या दह्याच्या श्रीखंडाची चव वेगळी लागते आणि त्यात कष्ट जवळजवळ नाहीतच. दोघांसाठी अर्धा किलो दही पुरतं. ते सायीच्या दुधाचं आणि त्याच दिवशी लागलेलं हवं. दोन दिवसांचं आंबट दही टांगलं तर आंबटपणा चक्क्यात उतरतो आणि मग कितीही साखर घातली तरी जिभेच्या कडेला तो लागत राहतो. मलमलचं किंवा जुन्या सुती धोतराचं स्वच्छ कापड भिजवून घट्ट पिळावं, गाळणीवर पसरावं, गाळणी एका खोल पातेल्यावर ठेवावी. दही ओतून कापडाची पुरचुंडी बांधावी, वर छोटी ताटली उपडी घालून तिच्यावर पाण्यानं भरलेली वाटी वजन म्हणून ठेवावी, आणि हे सगळंच्या सगळं फ्रिजमध्ये सरकवावं. आमच्या आजीच्या काळी पुरचुंडी नळाला किंवा खुंटीला टांगायचे, थंडीत ते चालतंही. पण उन्हाळ्यात बाहेर टांगलेलं दही रातोरात आंबतं, म्हणून फ्रिजच बरा.

सकाळपर्यंत खाली पिवळसर पाणी जमलेलं असतं आणि कापडात साधारण दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम चक्का उरतो. तो झाला की नाही हे बोटांनी कळतं. चिमटीत धरल्यावर बोटं ओली न होता गोळा सुटून आला तर झाला, बोटाला पाणी लागलं तर अजून दोन तास ठेवावा. घाई इथे महागात पडते. चक्क्यात पाणी राहिलं की साखर घातल्यावर श्रीखंड ओघळतं आणि ते पुन्हा घट्ट करता येत नाही.

साखरेचं जुनं प्रमाण चक्क्याइतकी साखर असं आहे. मला ते फार गोड होतं, मी सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर घेते. ती चक्क्यात मिसळून अर्धा तास झाकून ठेवायची. साखर विरघळली की मिश्रण आधी सैल झाल्यासारखं दिसतं. त्याला घाबरू नका, फ्रिजमध्ये ते पुन्हा आळतं. मग ते पुरणयंत्रातून किंवा बारीक जाळीच्या गाळणीतून डावाच्या पाठीनं दाबून काढायचं. दहा मिनिटांचं हे काम कंटाळवाणं वाटतं, पण श्रीखंडाचा सारा मऊपणा त्यातच आहे. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका, त्यानं ते पातळ होतं. केशराच्या दहा-बारा काड्या चमचाभर कोमट दुधात पाव तास भिजवून, दूध गार झाल्यावर, त्यात घालाव्यात. वेलदोड्याची पूड पाव चमचा, जायफळ उगाळून किंवा किसून चिमूटभर. नंतर घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, कारण फ्रिजमधल्या कांद्यालसणाचा वास दुधाच्या पदार्थाला पटकन लागतो. शनिवारी सकाळी दहा वाजता भाच्याचं जेवण एका पदार्थानं पूर्ण झालं होतं. त्यानं मला डब्याचा फोटो पाठवला.

यानंतर संध्याकाळी साडेपाचपर्यंत काही करायचं नाही.

साडेपाचला सार. मध्यम आकाराचे चार लालबुंद टोमॅटो, साधारण चारशे ग्रॅम, अख्खेच बुडतील इतक्या पाण्यात उकळायला ठेवायचे. सहा-सात मिनिटांत सालं फाटू लागतात, तेव्हा बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्यायचे. पूर्ण गार हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. गरम टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवले तर आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि हात भाजतो. गार झाल्यावर साल काढून बारीक करायचे आणि गाळून बिया वेगळ्या करायच्या. या गाळलेल्या रसात दीड वाटी पाणी, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, बोटाच्या पेराएवढं किसलेलं आलं, अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे गूळ घालून पाच मिनिटं उकळायचं. माझी वाटी म्हणजे दीडशे मिलिलिटरची, आणि चमचा म्हणजे चहात साखर घालायचा, सपाट भरलेला. पुढची मापं याच वाटी-चमच्यानं आहेत.

हे उकळून झालं की झाकून बाजूला ठेवून द्यायचं. साराचा दुसरा भाग म्हणजे नारळाचं दूध, ते आत्ता घालायचं नाही. टोमॅटो आंबट, आंबटात नारळाचं दूध उकळलं की ते फाटतं आणि साराच्या वर पांढरे कण तरंगतात. म्हणून पानं वाढायच्या आधी सार चांगलं गरम करायचं, गॅस अगदी बारीक करायचा, अर्धी वाटी घट्ट दूध ढवळत घालायचं आणि कडेला बुडबुडे दिसायच्या आत गॅस बंद. पाकिटातलं दूध चालतं. तरीही फाटलंच तर ओतून देऊ नका. चवीत फरक पडत नाही. थोडं कोमट झालं की पुन्हा मिक्सरमधून फिरवून गाळून घेतलं की दिसायलाही बरं दिसतं.

सार उकळत असतानाच भाताची चिराचिरी होते. दहा-बारा कोवळी तोंडली धुऊन, दोन्ही टोकं काढून उभी चार-चार फोडी करायची. चिरल्यावर आतून लाल निघालेलं तोंडलं पिकलेलं असतं, ते बाजूला काढावं. मूठभर मटार, सहा-सात काजू. तोंडली मिळाली नाहीत तर फ्लॉवरचे तुरे घ्यावेत.

तांदळाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मसालेभाताचं बरंवाईट तिथेच ठरतं. मावळ-मुळशीकडच्या आंबेमोहोराचा वास कुठल्याच तांदळाला नाही, लग्नाच्या पंगतीतला जुना मसालेभात आठवतो तो त्या वासासकट. पण आंबेमोहोर लवकर मऊ होतो, शितं मोडतात, आणि पाण्याचा अंदाज थोडा चुकला की त्याची खिचडी होते. पहिल्यांदा करणाऱ्यानं कोलम किंवा बासमती घ्यावा. तोही जुना. नव्या तांदळात ओल जास्त असते, त्याला पाणी कमी लागतं आणि तो चिकट होतो. दुकानदाराला "जुना तांदूळ आहे का" असं विचारलं की तो सांगतो. दोघांना, सोबत बाकीचे पदार्थ असताना, एक वाटी तांदूळ पुरतो. सात वाजता तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन वीस मिनिटं भिजवायचा आणि मग चाळणीत निथळत ठेवायचा.

आता फोडणी. नवशिक्याची खरी भीती इथे असते आणि ती रास्त आहे, कारण फोडणीत सगळं अर्ध्या मिनिटात घडतं. तेवढ्या वेळात डबे उघडत बसलात तर मोहरी जळणारच. म्हणून गॅस पेटवण्याआधी एका ताटलीत सगळं ओळीनं मांडून ठेवावं: अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा हिंग, अर्धा चमचा हळद, सात-आठ कढीपत्त्याची पानं, एक तमालपत्र, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा. दुसऱ्या ताटलीत तोंडली, मटार, काजू. तिसऱ्या ताटलीत दोन चमचे गोडा मसाला, अर्धा चमचा लाल तिखट, एक चमचा मीठ आणि सुपारीएवढा गूळ. शेजारच्या शेगडीवर दोन वाट्या पाणी गरम होऊ द्यावं.

जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या पातेल्यात सहा चमचे तेल तापवा. कुकरपेक्षा पातेलं बरं, कारण त्यात डोकावता येतं. तेल तापलं का हे पाहायला मोहरीचा एकच दाणा टाका. तो लगेच तडतडला तर तेल तयार, नुसताच तळाशी पडून राहिला तर थांबा, आणि तेलातून धूर येत असेल तर गॅस बंद करून मिनिटभर जाऊ द्या. मोहरी तडतडायची थांबत आली की लवंग, दालचिनी, तमालपत्र, मग कढीपत्ता. कढीपत्ता ओला असला की तेल उडतं, तो पुसून घ्यावा. आता गॅस बारीक करून हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद, कारण हळद सगळ्यात लवकर जळते. हळद पडल्यावर पाच सेकंदांच्या आत भाजी पातेल्यात गेली पाहिजे. फोडणी पिवळी न राहता तपकिरी-काळी झाली आणि वास कडसर आला तर ती वाचवायचा प्रयत्न करू नका. पातेलं गार करून, पुसून, नव्यानं करा. नुकसान सहा चमचे तेलाचं आहे, आणि जळक्या फोडणीचा कडवटपणा मात्र शेवटच्या शितापर्यंत जातो. भाच्याची पहिली फोडणी जळली. दुसरी नीट बसली. या सगळ्यात सहा मिनिटं गेली, आणि वेळापत्रकात तेवढी जागा आम्ही ठेवलेलीच होती.

तोंडली दोन-तीन मिनिटं परतली की निथळलेले तांदूळ घालून आणखी दोन मिनिटं हलक्या हातानं परतायचे. तांदळाच्या दाण्यांना तेलाची चकाकी आली की तिसरी ताटली. गोडा मसाला इथे दुसऱ्या कशानं बदलू नये. धणे, तीळ, सुकं खोबरं आणि दगडफुलाचा तो जो गोडसर वास आहे, तोच मसालेभाताची ओळख आहे. गरम मसाला घातला तर पुलाव होतो आणि कांदालसूण मसाला घातला तर भात झणझणीत होतो. मसाला अर्धा मिनिट परतला की कढत पाणी ओता. गार पाणी ओतलं तर उकळी थांबते आणि तांदूळ वरून मऊ, आतून टणक राहतो.

मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या, झाकण नको. पाच-सहा मिनिटांत वरचं पाणी दिसेनासं होतं आणि भाताच्या पृष्ठभागावर छोटी छोटी भोकं पडतात. ही खूण आहे. त्या क्षणी आच अगदी मंद करायची, झाकण घट्ट लावायचं आणि बारा मिनिटं हात लावायचा नाही. नंतर गॅस बंद, आणि पुन्हा दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. या दहा मिनिटांत कोंडलेली वाफ शितांत मुरते आणि भात मोकळा होतो. उघडल्यावर शीत बोटांत दाबून पाहावं. मध्ये कणी लागली तर चार चमचे कढत पाणी शिंपडून पुन्हा पाच मिनिटं मंद आचेवर. खाली लागल्याचा वास आला तर ढवळू नये, ढवळल्यानंच तो वास सगळ्या भातात पसरतो. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा, त्याला काही झालेलं नसतं.

भाच्याचा भात आठला पाच मिनिटं असताना शिजला. त्यानं पातेल्यावर झाकण तसंच ठेवून वर जाड टॉवेल गुंडाळला. असा भात सहज पाऊण तास गरम राहतो, आणि मुरल्यानं उलट सुधारतो. नवशिक्याच्या बेतात मसालेभात असावा तो याचसाठी. पाहुणं माणूस वीस मिनिटं उशिरा आलं तरी त्याला काही होत नाही.

आठ ते सव्वाआठ ही वेळ स्वयंपाकाची नाही. ओटा पुसायचा, वापरलेली भांडी निदान घासायच्या टबात जाऊ द्यायची, कचरा बाहेर ठेवायचा, आणि मग अंघोळ करून कपडे बदलायचे. फोडणीचा वास केसांना आणि शर्टाला राहतो. ट्यूबलाइट बंद करून एखादा पिवळा दिवा लावला तर ताटातलं केशर आणि सारही खुलून दिसतं. मेणबत्त्या हव्या असतील तर बिनवासाच्या आणा. सुवासिक मेणबत्तीचा वास आणि गोड्या मसाल्याचा वास एका टेबलावर नांदत नाहीत.

वांगं आणताना भरताचं, मोठं, एकच आणायचं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं हलकं लागेल ते घ्यावं, जड वांग्यात बिया जास्त निघतात. अंघोळीला जाण्याआधी त्याच्या अर्ध्या बोटाएवढ्या जाडीच्या गोल चकत्या करून, दोन्ही बाजूंना मीठ, हळद, तिखट आणि थोडा चिंचेचा कोळ चोळून ताटात मांडून ठेवायच्या. सात-आठ चकत्या दोघांना पुरतात. मिठानं वांग्याला पाणी सुटतं, हे पाणी आधीच निघून गेलं तर काप तव्यावर मऊ पडत नाही. आणि हो, वांगं काहींच्या घशाला खाजतं. ज्याच्यासाठी स्वयंपाक करतो आहोत त्याला ते चालतं का, हे आधीच ठाऊक असायला हवं. चालत नसेल तर बटाट्याचे काप करावेत, पण ते दोन-तीन मिलिमीटर इतके पातळ हवेत, कारण बटाटा आतपर्यंत शिजायला वेळ घेतो.

मासे खाणाऱ्या घरात याच जागी सुरमईच्या तुकड्या ठेवता येतील. कोकण-गोव्याकडची हीच रीत. मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं, मग रव्यात घोळवून तव्यावर. तुकडी बोटभर जाडीची असेल तर प्रत्येक बाजूला तीन ते चार मिनिटं लागतात. सुरी खुपसल्यावर आतलं मांस पांढरं दिसलं आणि काट्यापासून सहज सुटलं की झालं. त्याहून जास्त ठेवली की ती कोरडी पडते.

वीस मिनिटांनी, म्हणजे साधारण सव्वाआठला, ताटात सुटलेलं पाणी ओतून टाकायचं, चकत्या कागदानं हलकेच टिपायच्या आणि चार चमचे बारीक रवा व दोन चमचे तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात दाबून घोळवायच्या. नुसता रवा सुटून तव्यावर जळतो, पिठामुळे तो धरून राहतो. तव्यावर तीन चमचे तेल मध्यम आचेवर तापवा. रव्याचा एक कण टाकून तो चुरचुरला की काप ठेवा. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वांगं ते सगळं पिऊन टाकतं आणि काप तेलकट होतो. ठेवलेला काप तीन-चार मिनिटं हलवू नये. उलथन्यानं कडा उचलून पाहावी, सोनेरी झाली असेल तर काप आपोआप सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर तो अजून तयार नाही. उलटून कडेनं आणखी तेल सोडा आणि पुन्हा तितकाच वेळ. झाकण ठेवू नये, वाफेनं रवा ओला होतो. काढलेले काप एकावर एक न रचता जाळीवर किंवा ताटलीत सुटे ठेवावेत.

दुसऱ्या बाजूची चार मिनिटं मोकळी असतात. त्यात शेजारच्या शेगडीवर सार गरम करून नारळाचं दूध घालायचं. वरून तुपाची फोडणी, दोन चमचे तुपात अर्धा चमचा जिरं, चिमूट हिंग, कढीपत्ता. त्याच कढल्यात आणखी चमचाभर तूप-जिरं करून काकडीसाठी ठेवायचं. काकडी आधीच सोलून बारीक चोचवून फ्रिजमध्ये असते. चिरायच्या आधी टोकाचा तुकडा खाऊन पाहावा, एक कडू काकडी सगळी कोशिंबीर घालवते. तिच्यात दाण्याचं कूट, लिंबू, चिमूट साखर, कोथिंबीर आणि ही फोडणी. मीठ मात्र पानावर बसायच्या क्षणी. आधी घातलं तर पाचच मिनिटांत वाटीत पाणी होतं.

आणि ताट वाढताना आपली जुनी मांडणीच सोयीची आहे. मीठ वरती मध्ये, डावीकडे लिंबाची फोड आणि काकडी, उजवीकडे काप, मध्ये भाताची मूद. तिच्यावर साजूक तूप, ओलं खोबरं आणि कोथिंबीर. साराची वाटी ताटाबाहेर उजवीकडे. दोन ताटं एकदाच भरून टेबलावर आणायची आणि भाताचं पातेलं टॉवेलासकट हाताशी ठेवायचं, म्हणजे दुसऱ्यांदा वाढायला उठावं लागत नाही.

त्या शनिवारी ती पावणेनऊला आली. पंधरा मिनिटांचा उशीर होता, पण ती जिन्यात असताना तिनं फोन केला आणि यानं तेव्हाच तवा तापत ठेवला. जेवताना तो एकदाच उठला, श्रीखंड आणायला. काप थोडे खारट झाले होते, कारण मीठ लावून पाणी काढल्यावर त्यानं रव्यातही मीठ घातलं. तिनं भाताबरोबर ते संपवले. रात्री अकराला मला तिचा फोन आला. "मावशी, मसालेभाताचं प्रमाण मलाही लिहून पाठवा. पुढचा शनिवार माझा आहे."

तुम्हीही येत्या शनिवारी करणार असाल तर दही शुक्रवारी रात्री झोपण्याआधी बांधा. बाकी सगळ्याला शनिवारची संध्याकाळ पुरते.